‘कॉमन’ फोल्डर

लॅबमध्ये एकूण सात संगणक होते. तृप्तीच्या रिपोर्टच्या टेबलावर दोन, नमुने घेण्याच्या खिडकीशी एक, अर्क तयार करायच्या खोलीत एक, संजनाच्या टेबलावर एक, साहेबांच्या केबिनमध्ये एक आणि आतल्या थंड खोलीत, मशीनशेजारी, एक. या सातांच्या सात वायरी आणि खुद्द मशीनची आठवी, अशा आठ वायरी पॅसेजमध्ये दरवाजाच्या वर बसवलेल्या, सगळ्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या एका छोट्या पेटीत, म्हणजे स्विचमध्ये, जात होत्या. स्विचला आठच जागा होत्या. सगळ्या वायरी करड्या होत्या आणि एकीवरही चिठ्ठी नव्हती.

मशीन म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ. लॅबमध्ये सगळे त्याला जीसी म्हणत. द्राक्षं वाटून त्यांचा अर्क काढायचा, तो छोट्या बाटलीत भरायचा, आणि जीसीची सुई त्यातला थेंबाहूनही कमी भाग उचलून आत सोडायची. पस्तीस मिनिटांनी पडद्यावर उंच-सखल रेघ उमटायची. त्या रेघेतलं कोणतं टोक कोणत्या औषधाचं आणि किती, हे मोजलं की कळायचं की बागेवर काय फवारलं होतं आणि माल युरोपला जाऊ शकतो की नाही. फेब्रुवारी २००८ चा महिना होता. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, सगळीकडून नमुने येत होते आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या पहिल्या मजल्यावर जीसी एकच होतं.

संजना पगारे रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन याच महिन्यात कामाला लागली होती. रेघा मोजायचं काम तिच्याकडे होतं. पण मोजायचं सॉफ्टवेअर फक्त आतल्या संगणकावर होतं. त्याला मागे एक बोटाएवढं लॉक लावलेलं होतं. ते काढलं की सॉफ्टवेअर उघडायचं नाही. आणि तो संगणक दिवसभर जीसी चालवण्यात गुंतलेला. म्हणजे ती आतल्या खोलीत स्टुलावर बसून जीसी चालवणाऱ्या गावित सरांचं काम थांबण्याची वाट बघायची आणि बाहेर रिपोर्ट टाइप करणारी तृप्ती तिची वाट बघायची.

आदल्याच आठवड्यात साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. साहेब म्हणजे दिनेश सर, लॅबचे मालक.

“रिपोर्ट अडकतायत तुझ्याकडे,” ते म्हणाले होते.

“सर, मशीन एकच आहे. दुसरं लायसन्स घेतलं तर मी माझ्या टेबलावर...”

“लायसन्स या सीझनला होणार नाही. तू आत्ताच्या पिढीची. काहीतरी बघ ना.”

काहीतरी बघ, एवढंच. मग फोन वाजला आणि त्यांनी हातानेच तिला जा म्हटलं.

तिने बघितलं. तिचा मावसभाऊ आयुष पंचवटीत एका डीटीपीच्या दुकानात बसायचा. दोन दिवसांत त्याने सीडी आणून दिली. त्यात तेच सॉफ्टवेअर होतं, एक छोटा प्रोग्राम होता आणि चार ओळींची सूचना: आधी अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच ओरडतो, मग हा प्रोग्राम एकदा चालवा, लॉक लागणार नाही. काल संध्याकाळी सगळे निघायच्या गडबडीत तिने ते आपल्या टेबलावरच्या संगणकावर केलं. अँटिव्हायरस खरंच ओरडला होता, बंद करायच्या आधी. मग सॉफ्टवेअर विनालॉक उघडलं आणि अर्ध्या तासात तिने चार रेघा मोजून टाकल्या. घरी जाताना बसमध्ये तिला फार हलकं वाटत होतं.

आज सकाळी आपला संगणक सुरू केल्यावर अँटिव्हायरस सुरू झाला नाही. घड्याळाशेजारचं त्याचं चिन्ह नव्हतंच. तिने हाताने सुरू केला. खिडकी क्षणभर उघडली आणि मिटली. पुन्हा केला, पुन्हा मिटली. आत काय चालू आहे ते दाखवणारी यादी उघडायला गेली तर संदेश आला की ती व्यवस्थापकाने, म्हणजे अ‍ॅडमिनने, बंद केली आहे. त्या संगणकाची व्यवस्थापक तीच होती. लॅबमध्ये सगळेच व्यवस्थापक होते.

ती उठली आणि आतल्या खोलीत गेली.

गावित सर, देवराम गावित, सुरगाण्याकडचे. लॅब उघडली तेव्हापासून जीसी त्यांच्याकडे होतं. थंड खोलीत ते बारा महिने स्वेटर घालत.

“ये. दार लाव, गारवा जातोय,” ते म्हणाले. “अजून नऊ बाटल्या आहेत. सकाळपासून नीट चाललंय, नजर लावू नकोस.”

संजनाने दार लावलं. जीसीच्या भट्टीचा पंखा, एसी आणि यूपीएस यांचा मिळून एक आवाज त्या खोलीत कायम असायचा. ती स्टुलावर बसली.

“सर, एक विचारू? आपलं सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर टाकलं तर? बाहेर ते... लॉक नसलेलं मिळतं म्हणतात.”

“फोडलेलं.”

“हो. फक्त रेघा मोजायला. जीसीला जोडायचंच नाही. मग इथल्या मशीनला काय त्रास?”

गावित सरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. नव्या माणसाने प्रश्न विचारला की त्यांना बरं वाटायचं, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

“मला सांग, लॉक म्हणजे काय असतं? सॉफ्टवेअरमध्ये एके ठिकाणी प्रश्न लिहिलेला असतो, लॉक आहे का? आहे, तर पुढे चल. नाही, तर बंद हो. फोडणारा ती जागा शोधतो आणि असं करतो की उत्तर काहीही आलं तरी पुढे चल. बरोबर?”

“बरोबर.”

“म्हणजे त्याने आत हात घातलाच ना? आता एवढंच करून त्याने हात बाहेर काढला की जाता जाता काही ठेवलंही, हे तुला कोण सांगणार?”

“अँटिव्हायरस.”

“तो तर आधी बंद करायला सांगतात.” सर हसले. “चोर म्हणतो, मी आत येतोय, तेवढं कुत्रं बांधून ठेवा, उगाच भुंकतं. आणि आपण बांधतो!”

संजना हसली नाही. ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

“कधीकधी तो खरंच उगाच भुंकतो, सर. आयुष म्हणतो. माझा भाऊ.”

“भुंकतो की. फोडायचा प्रोग्राम दिसला की भुंकतो, आत विष असो नसो. तीच तर अडचण आहे. खरं भुंकणं कोणतं आणि खोटं कोणतं, हे ठरवायला आपल्याकडे काहीच नाही. कंपनीने दिलेली सीडी असेल तर कोणी बनवली, बदलली का, हे विचारता येतं. ही कोणी बनवली? फोन कुणाला करशील?”

जीसीची सुई वर उठली, एका बाटलीत बुडाली, आत टोचली गेली. दोघांनी तिकडे पाहिलं. पडद्यावर नवी रेघ सरकू लागली.

“पण समजा विष असलं,” संजना म्हणाली. तिचा आवाज तिलाच जरा जास्त नेटका वाटला. “तरी ते त्या एका मशीनवर राहील ना?”

“सुई धुतली नाही तर काय होतं?”

“आधीच्या बाटलीतलं पुढच्या बाटलीत जातं.”

“आणि बाटल्या नुसत्या शेजारी ठेवल्या तर?”

“काही नाही.”

“मग आपल्याकडे सुई कोणती?”

तिला उत्तर माहीत होतं. ते तोंडातून यायला वेळ लागला. “कॉमन.”

‘कॉमन’ हा तृप्तीच्या संगणकावरचा एक फोल्डर होता. सात संगणकांवरून सगळ्यांना तो उघडता यायचा आणि त्यात कुणीही काहीही ठेवू शकायचं. जीसीच्या रेघा गावित सर तिथे टाकत. रिपोर्टचे कोरे साचे तिथे असत. आणि तिथेच ‘बॅच’ नावाचा एक छोटा प्रोग्राम होता, पूर्वी इथे असलेल्या कुणीतरी करून दिलेला. नमुन्यांच्या नव्या गटाला क्रमांक द्यायचा तर जो तो आपल्या जागेवरून ‘बॅच’ उघडायचा. लॅबची ती रीतच होती; क्रमांक चुकू नयेत म्हणून सगळ्यांनी तीच एक प्रत वापरायची.

“शाब्बास. आता बघ. काही विषं अशी असतात की ती दुसऱ्या प्रोग्रामच्या फायलीला चिकटतात. तुझ्या मशीनवर चालू झालं की आधी तुझे प्रोग्राम धरतं, मग बघतं, आणखी कुठे लिहिता येतंय का? कॉमनमध्ये येतंय. तिथे काय आहे? बॅच. झालं. मग तृप्ती बॅच उघडते. आधी विष चालतं, मग बॅच चालतो. क्रमांक मिळतो, तिला काही कळत नाही. मी इथे बसून उघडतो, मलाही काही कळत नाही.”

“पण तुम्ही उघडेपर्यंत...”

“तोवर नुसती शेजारी ठेवलेली बाटली. उघडली की सुई टोचली.” ते थांबले. “बहुतेक वेळा. काही जण तेवढीही वाट बघत नाहीत. सगळ्या मशीनला एकच नाव आणि एकच पासवर्ड असला तर ते स्वतःच दार उघडून आत येतात. आपला पासवर्ड एकच आहे. मीच ठेवलाय, नाहीतर रोज सात जण मला हाका मारतात.”

“आणि इथे अँटिव्हायरस नाही,” संजना म्हणाली.

“नाही. मशीनवाल्यांनीच सांगितलंय, टाकू नका. मध्येच तपासायला लागला तर रेघ तुटते. त्यामुळे इथे येईल तो सुखाने नांदेल. आणि या डब्यात पूर्ण सीझन आहे. मूळ रेघा इथेच. गेल्या महिन्यापासून प्रत काढायची राहिलीय, खोटं कशाला बोलू. हा बिघडला तर पुसून नव्याने बसवायचा, इंजिनियर येईपर्यंत थांबायचं, सगळी मापं पुन्हा जुळवायची. तोवर द्राक्षं काय वेलीवर थांबणार आहेत का?”

त्यांच्या आवाजात अजूनही शिकवण्याचा उत्साह होता. संजना काचेतून बाहेर बघत होती. बाहेर तिच्या टेबलावरचा संगणक चालू होता आणि त्याच्या पडद्यावर नेहमीसारखं निळं आकाश होतं. उठून जावं आणि गुपचूप तो बंद करावा, असं तिच्या मनात आलं. पण काल संध्याकाळचा अर्धा तास त्याने बंद होत नव्हता. सांगावं, तर पहिला प्रश्न येणार, का केलंस? आणि त्याचं उत्तर केबिनमध्ये बसणाऱ्या माणसाकडे जात होतं, जो म्हणणार होता, मी असं कुठे म्हटलं? आणि त्याने तसं म्हटलं नव्हतंच.

दार उघडून तृप्ती डोकावली. “बर्फाच्या गुहेत काय चाललंय? संजना, तुझ्या सहा रेघा राहिल्यात, मी फोन उचलणं बंद केलंय. सर, पिंपळगावचे चार नमुने वाढले. अर्क तयार आहे. क्रमांक द्या ना, याच रांगेत लावू.”

“तू दे की.”

“माझं मशीन सकाळपासून रडतंय. बॅच उघडला तेव्हापासून म्हातारं झालंय अगदी. तुमच्यावरून द्या.”

“काय तुम्ही लोक, मशीनची काळजीच घेत नाही,” असं म्हणत गावित सरांनी माउस हातात घेतला. कॉमन उघडला. बॅच दिसला. बाण त्याच्यावर गेला.

“सर, थांबा.”

त्यांचं बोट थांबलं.

“उघडू नका. मी काल टाकलंय. फोडलेलं. माझ्या मशीनवर.”

तृप्ती दारातच होती. भट्टीचा पंखा चालू होता.

“काल कधी?” गावित सरांनी विचारलं.

“संध्याकाळी, साडेसहाच्या सुमारास. सात वाजता मशीन बंद केलं. आज सकाळपासून परत चालू आहे. अँटिव्हायरस उघडत नाही.”

“आणि मी इथे अर्धा तास कीर्तन करतोय.” त्यांनी माउस सोडला. हात स्वेटरला पुसले. “तृप्ती, तू बॅच कधी उघडलास?”

“सकाळी आल्या आल्या.”

“मी काल दुपारी. म्हणजे आज नाही.” ते पडद्याजवळ वाकले. “नुसतं बघायला हरकत नाही. नुसतं बघितल्याने काही चालू होत नाही.” फायलीसमोरचा आकडा त्यांनी वाचला, मग खणातून जुनी सीडी काढून तिच्यावरची मूळ प्रत पाहिली. मूळ प्रत १८४ केबी होती. कॉमनमधली २४८ केबी.

“चिकटलंय,” ते म्हणाले.

संजना म्हणाली, “वायरी काढूया. सगळ्या.”

“सगळ्या नाही काढता येणार.” त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. “जीसी आणि हा संगणक थेट जोडलेले होते. पावसाळ्यात उंदराने ती वायर कुरतडली. मी तात्पुरतं दोघांना बाहेरच्या स्विचमधून जोडलं. ते तात्पुरतं अजून चालू आहे. स्विच बंद केला तर रांग मध्येच तुटेल. आणि यातले तीन अर्क असे आहेत की थेंबही शिल्लक नाही.”

“मग बाकीच्यांच्या काढू. त्यांच्या त्यांच्या मशीनच्या मागून.”

त्या दोघी धावल्या. तृप्तीने तिच्या टेबलावरच्या दोन काढल्या, संजनाने स्वतःची, खिडकीवरची, अर्काच्या खोलीतली. सहावी साहेबांच्या केबिनमध्ये होती. केबिनला कुलूप होतं. साहेब पिंपळगावला गेले होते, आणि काचेतून त्यांच्या संगणकाचा दिवा लुकलुकताना दिसत होता.

“चालू ठेवून जातात,” तृप्ती म्हणाली. “काहीतरी उतरवायला लावलेलं असतं. बघ ना, कुलूप आम्हाला आणि मशीन मोकाट.”

संजनाने पॅसेजमध्ये स्टूल ठेवलं आणि चढली. आठ जागांपैकी पाचांचे दिवे विझले होते. तिसरा, सहावा आणि आठवा लागलेला. दोन ठेवायचे, एक काढायचा. चुकीचा काढला तर रांग तुटणार.

“वायर धरून मागे मागे जा,” तृप्ती खालून म्हणाली.

“सगळ्या एकाच नळीतून भिंतीत जातात.”

ती दिव्यांकडे बघत राहिली. तिसरा आणि आठवा सतत थरथरत होते. सहावा बराच वेळ स्थिर राहायचा, मग एकदा मिचकायचा. जीसी सेकंदाला कितीतरी वेळा आकडा पाठवतं, म्हणजे जीसीचा दिवा आणि संगणकाचा दिवा एकाच वेळी थरथरायला हवेत. पण साहेबांच्या मशीनमध्ये काही शिरलं असेल, तर तेही मनाला येईल तेव्हा बडबड करणार. थरथर पुरेशी नव्हती.

“सर,” ती ओरडली, “चालू आहे ती रेघ कधी संपेल?”

“अकरा मिनिटं,” आतून आवाज आला.

“संपली की हात वर करा.”

तिला रेघ संपण्याच्या क्षणी कोणते दोन दिवे एकदम मंदावतात ते बघायचं होतं. अकरा मिनिटं ती स्टुलावर उभी राहिली. डोकं छताला टेकत होतं, मान वाकडी. सहावी वायर तेवढा वेळ लागलेलीच होती. तिच्यातून या अकरा मिनिटांत काय जात होतं हे तिला दिसत नव्हतं. खाली तृप्ती दोन्ही हातांनी स्टूल धरून होती.

“कुणी सांगितलं होतं तुला?” तृप्तीने हळूच विचारलं.

“कुणी नाही.”

“साहेबांनी मलाही सांगितलं होतं. काहीतरी बघ. मी बघितलंच नाही. मला येतच नाही काही.”

काचेपलीकडे गावित सरांचा हात वर गेला. तिसरा आणि आठवा दिवा एकाच क्षणी मंदावला. सहावा तसाच. संजनाने सहावी वायर ओढली. मग ती काचेकडे बघत राहिली. भट्टी थंड झाली, सुई वर उठली, पुढच्या बाटलीत बुडाली. गावित सरांनी मान हलवली.

साहेब दोन वाजता आले. त्यांना सगळं गावित सरांनीच सांगितलं, पॅसेजमध्ये, उभ्याने.

“कुणी टाकलं?” साहेबांनी विचारलं.

“मी,” संजना म्हणाली.

“तुला कुणी सांगितलं टाकायला?”

तिच्याकडे दोन उत्तरं होती आणि दोन्ही खरी होती. ती गप्प राहिली. साहेबांनी तेच उत्तर धरलं.

“एम.एस्सी. झालीस ना? एवढी अक्कल नाही?” ते म्हणाले. “जीसीच्या मशीनमध्ये गेलंय का?”

“तपासल्याशिवाय नाही सांगता येणार,” गावित सर म्हणाले. “रांग संपू दे. पॉलिटेक्निकमधला माझा मित्र संध्याकाळी सीडी घेऊन येतोय. मशीन त्या सीडीवरूनच सुरू करायचं, म्हणजे आतलं काही जागं होत नाही, आणि मग तपासायचं. सातही मशीन.”

“सहा. माझ्या मशीनला हात लावायचा नाही.”

“का, साहेब?”

“हिशेब आहेत माझे त्यात.”

“त्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लॉक कुठे आहे?”

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. तृप्तीने अचानक फोन उचलला, जो वाजत नव्हता.

“माझं मी बघून घेईन,” साहेब म्हणाले.

“बघा. पण बघेपर्यंत ती वायर परत लागणार नाही.”

“गावित, लॅब माझी आहे.”

“मशीन माझ्या सहीने चालतं, साहेब. रिपोर्टवर सही माझी.”

साहेब केबिनकडे वळले, कुलूप काढलं, आणि दारातून संजनाला म्हणाले, “जीसीच्या मशीनमध्ये एकसुद्धा सापडलं, तर उद्यापासून येऊ नकोस. सीझन बुडाला तर मी लोकांना काय तोंड दाखवू?”

“मग दोन राजीनामे लागतील,” गावित सर म्हणाले. “एकच पासवर्ड मी ठेवला. वायर मी जोडली. टाइप कुठे करणार तेवढं बघा, तृप्तीचं मशीन बंद आहे.”

केबिनचं दार लागलं.

त्यानंतर करण्यासारखं काही नव्हतं. आणखी पाच बाटल्या होत्या. पिंपळगावचे चार नमुने फ्रीजमध्ये थांबले. संजना आतल्या खोलीत स्टुलावर बसली, कारण बाहेर तिच्या टेबलावर बसून करायचं तरी काय? गावित सर पडद्यासमोर. रेघ सरकत होती, चढत होती, उतरत होती, नेहमीसारखी. ती बरोबर आहे की नाही हे रेघेकडे बघून कळत नव्हतं.

“सर, तुम्ही असं का म्हणालात? राजीनाम्याचं.”

“खरं होतं म्हणून. थंडी वाजतेय का? तिकडे शाल आहे.”

तिने शाल घेतली नाही. जरा वेळाने घेतली.

“काल रात्रभर हे मशीन चालू होतं?” तिने विचारलं.

“रात्रभर. मापं जुळवायचे द्रव चालू होते.”

“म्हणजे काल माझा अर्धा तास...”

“हो. आणि आजची सकाळ. एकाच पासवर्डने. तोच हिशेब मी मघापासून करतोय.” ते पडद्याकडेच बघत होते. “तू बोलली नसतीस तर हिशेब करायची वेळच आली नसती. मी उघडलाच असता बॅच. एवढं लक्षात ठेव. बाकी आता मशीनच सांगेल.”

शेवटची रेघ पाचच्या पुढे संपली. गावित सरांनी सगळ्या रेघांची प्रत कोऱ्या सीडीवर घेतली. रेघेची फाईल म्हणजे नुसते आकडे, तिच्यातून काही चालत नाही, असं ते तिला सांगत होते, पण आता ते शिकवत नव्हते, स्वतःलाच ऐकवत होते. तोवर मित्र सीडी ठेवून गेला होता. एकच सीडी होती, त्यामुळे एकेक मशीन.

आधी संजनाचं घेतलं. पडदा काळा झाला, पांढऱ्या अक्षरांत फायलींची नावं वर सरकू लागली. बाधित ३४७. मग तृप्तीचं रिपोर्टचं मशीन, ज्याच्यावर कॉमन होता. बाधित ६१. तिचं दुसरं, शून्य. खिडकीवरचं, शून्य. अर्काच्या खोलीतल्या मशीनवर बाधित १२. तिथे कुणीतरी सकाळी बॅच उघडला होता. प्रत्येक आकडा तृप्ती मोठ्याने वाचायची आणि केबिनच्या काचेकडे बघायची. केबिनमधला दिवा चालू होता.

सगळ्यात शेवटी सीडी आतल्या खोलीत आली. गावित सरांनी मागचं लॉक काढून खिशात ठेवलं आणि मशीन सीडीवरून सुरू केलं. साहेब बाहेर येऊन दारात उभे राहिले. गारवा जात होता, पण दार लाव असं कुणी म्हणालं नाही. नावं वर सरकत राहिली. संजना शाल धरून उभी होती आणि खालच्या कोपऱ्यातला आकडा बघत होती. तो वाढायचा थांबला.

तपासलेल्या फायली ४१,२०८. बाधित १.